हापूसच्या एका रीलआधीची कागदपत्रं

मी देवगडात राहते आणि मालवणी-मराठीत खाण्यापिण्याच्या रील्स करते. हंगामाच्या तोंडावर ऑनलाइन आंबा विकणाऱ्या ओळखीच्या काकांचा निरोप आला. पंचेचाळीस सेकंदांची रील करायची, बदल्यात दोन पेट्या, थोडे पैसे आणि माझ्या नावाचा कूपन कोड. त्या कोडवर विक्री झाली की मला वर कमिशन. सोबत लिहून आलेली वाक्यं तीन होती: ‘शंभर टक्के देवगड हापूस’, ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ आणि ‘डायबेटीसवाल्यांनीही बिनधास्त खावा’.

कणकवलीत वकिली करणाऱ्या मावसभावाला ती वाक्यं दाखवली. त्याने सगळ्यात आधी विचारलं, ‘‘पैसे नसते, नुसत्या पेट्याच असत्या तरी सांगायचं हे माहीत आहे ना?’’ फुकट वस्तू, सवलत, हॉटेलात मोफत मुक्काम, कमिशन, अगदी विक्रेत्याशी घरचं नातं, हे सगळं केंद्र सरकारच्या जानेवारी 2023 मधल्या सूचनांप्रमाणे जाहीर करावं लागतं. तारकर्लीतले फुकट होमस्टे दाखवून ‘सहज गेलो होतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मग दंडाचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण विक्रेत्याला दंड करू शकतं, तसाच शिफारस करणाऱ्यालाही. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत जाहिराती करण्याची बंदी येऊ शकते, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत. सुटकेची वाट त्याच कलमात आहे: दावा खरा आहे की नाही याची योग्य ती खातरजमा आपण केली होती, हे दाखवता आलं पाहिजे. ‘काकांनी सांगितलं म्हणून बोलले’ ही खातरजमा नव्हे.

म्हणून वाक्यं एकेक करून हातात घेतली. डायबेटीसचं लगेच उडवलं. त्याला आधार मागण्यातही अर्थ नव्हता. ‘नैसर्गिक’बद्दल काकांच्या गोदामात जाऊन पाहिलं. माल कडक, हिरवाच पेटीत भरतात आणि तो ग्राहकाच्या घरी पिकतो. तेव्हा वाक्य झालं ‘पेटी कच्ची येते, घरी गवतात पिकवा’. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं.

खरी गंमत ‘देवगड’ या शब्दात होती. काकांनी हापूसच्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीचा कागद पुढे केला. पण 2018 साली मिळालेलं ते मानांकन सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मिळून आहे. त्यावरून आंबा हापूस ठरतो, देवगडचा ठरत नाही. मी बागेचा सातबारा मागितला. तो मिळाला, पीकपाहणीत आंबाही होता. मग विचारलं, सगळा माल याच बागेतला का? तर मागणी वाढली की राजापूरहून घेतात म्हणे. राजापूरचा हापूसही खरा हापूसच, त्यात कमीपणा काही नाही. पण पेटीवर देवगड म्हणून तो विकता येत नाही. बराच वेळ घासाघीस होऊन ‘कोकणचा हापूस, देवगड आणि राजापूरच्या बागांतला’ यावर गाडी थांबली. सातबारा, जीआयचा कागद आणि काकांचे व्हॉट्सॲप मेसेज एका फोल्डरमध्ये ठेवले.

शेवटी राहिलं लेबल. काकांचं म्हणणं, ‘‘जाहिरात म्हणून लिवलंस तर कोण बघतलो गो? हॅशटॅगात खाली टाक.’’ नेमकं तेच चालत नाही. हॅशटॅगच्या गर्दीत, ‘आणखी वाचा’च्या मागे किंवा नुसतं बायोमध्ये लिहून भागत नाही. जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था एएससीआय सांगते की पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत लेबल किमान एक तृतीयांश वेळ दिसावं. म्हणजे माझ्या रीलमध्ये पंधरा सेकंद. सरकारी सूचना म्हणतात की व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं. मी ‘जाहिरात’ हा शब्द पूर्ण रीलभर वरच्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे सेकंद मोजायला नकोत. सुरुवातीलाच बोलले, ‘‘ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे, कोडवर मला कमिशन मिळतं.’’ लेबल मराठीत चालतं, कारण रीलच मराठीत आहे. ॲपमधलं पेड पार्टनरशिपचं बटणही दाबलं, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहिले नाही.

एएससीआय स्वतः दंड करत नाही, ती जाहिरात बदलायला किंवा काढायला सांगते. दंडाचा अधिकार प्राधिकरणाकडे. बरेच जण या दोघांची सरमिसळ करतात.

काकांशी केलेल्या एका पानाच्या करारात मावसभावाने एक कलम घातलं: माल तिसऱ्याच तालुक्यातून यायला लागला तर त्यांनी मला आधी कळवायचं आणि मी रील उतरवायची. मे महिन्यात त्यांचा फोन आला, ‘‘आता वेंगुर्ल्याचो माल घेतंय.’’ त्याच संध्याकाळी रील उतरवली आणि नव्या सातबाऱ्याची वाट बघत बसले.