जॉनस्टन सामुद्रधुनीत ऐकलेल्या हाका

कॅनडातील व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील टेलिग्राफ कोव्ह येथून आमची बोट ऑगस्टमधील एका धुकट सकाळी जॉनस्टन सामुद्रधुनीत शिरली. ऑर्कांचे, म्हणजे किलर व्हेलांचे, पाठीवरचे काळे उंच पर दिसण्याआधीच पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनमधून त्यांच्या ताणलेल्या, करकरणाऱ्या हाका ऐकू आल्या आणि आमच्या मार्गदर्शिकेने त्या हाकांवरूनच कळपाचे नाव सांगितले.

येथील उत्तरेकडील निवासी ऑर्कांमध्ये नर असो वा मादी, पिल्लू आयुष्यभर आईसोबत राहते. व्हेल-संशोधक जॉन फोर्ड यांनी ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले, की प्रत्येक कळपाकडे साधारण सात ते सतरा ठरावीक हाकांचा संच असतो आणि जवळच्या नात्यातील कळपांच्या काही हाका सारख्या असतात. वीण मात्र सहसा वेगळ्या बोलीच्या कळपातील नराशी होते, तरीही पिल्लू बोली उचलते ती आईचीच. त्यामुळे हा वारसा रक्तातून नव्हे, सहवासातून येतो, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो.

बोलींच्या या माहितीचा उपयोग २००२ मध्ये झाला. सिएटलजवळ आईविना भटकणारे एक पिल्लू आढळले. त्याच्या हाका ए-४ कळपाशी जुळल्यामुळे हे पिल्लू म्हणजे स्प्रिंगर, अर्थात ए-७३, हे निश्चित करता आले. जुलैमध्ये तिला हॅन्सन बेटाजवळील जाळीच्या कुंपणात आणले गेले. जवळून जाणाऱ्या ऑर्कांशी तिने हाकांची देवाणघेवाण केली आणि दुसऱ्या दिवशी तिला सोडण्यात आले. नातलगांनी तिला सामावून घेतले. २०१३ मध्ये ती स्वतःच्या पिल्लासह दिसली.

शिकारीची रीतही अशीच घट्ट असते. निवासी ऑर्का मुख्यतः चिनूक सामनवर जगतात आणि पकडलेला मासा आप्तांमध्ये वाटून खातात. त्याच पाण्यातील बिग्ज ऑर्का नावाचा दुसरा गट मात्र सील आणि डॉल्फिनसारखे दिसणारे पॉरपॉइज असे सस्तन प्राणी मारतो. १९७० मध्ये व्हँकुव्हर बेटावरील पेडर बे येथे पकडलेल्या सस्तनभक्षी ऑर्कांनी समोर ठेवलेल्या माशांना सुमारे अडीच महिने तोंडही लावले नाही. त्यात एक मादी दगावली, तेव्हा कुठे उरलेल्यांनी सामन खाल्ला, आणि सुटका झाल्यावर ते पुन्हा सस्तन प्राण्यांच्याच शिकारीकडे वळले. या दोन गटांच्या वंशरेषा फार पूर्वीच वेगळ्या झाल्या असल्याने सगळेच शिकण्यावर ढकलता येत नाही, हे मान्य करावे लागते. पण जे ऑर्का अखेर मासा गिळू शकले, त्यांना तो पचत नव्हता असेही म्हणता येत नाही.

बिग्ज ऑर्का शिकारीच्या वेळी जवळजवळ मूक असतात, कारण सीलचे कान तिखट असतात. किती तिखट, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले: पाण्याखाली बिग्ज ऑर्कांच्या हाका वाजवताच सील दूर पळाले, परक्या प्रदेशातील मासेखाऊ ऑर्कांच्या हाकांनाही घाबरले, मात्र स्थानिक मासेखाऊ कळपांच्या हाका त्यांनी खुशाल दुर्लक्षित केल्या.