चार मिनिटं थांबले आणि मगच टाइप केलं

मकरपुरा जीआयडीसीत पंपांचे स्पेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिस्पॅच आणि बिलिंग बघते, मालाच्या गाडीबरोबर लागणारं जीएसटीचं ई-वे बिलही मीच भरते, आठ वर्षं झाली. घर दांडिया बाजारात. आमच्या मॅनेजर मॅडमही बडोद्याच्याच मराठी, रावपुऱ्याच्या, समोरासमोर मला "अगं" म्हणूनच हाक मारतात. हे आधी सांगते कारण त्या दिवशी पहिली टोचणी लागली ती त्यांच्या "तुम्ही"ची.

सकाळी १०.४० ला ग्रुपवर मेसेज आला. ग्रुपवर आम्ही अकरा जण, सेल्सचे साहेब धरून, आणि एरवी तिथे हिंदी-गुजराती-मराठीची खिचडी चालते, पण हा मेसेज शुद्ध मराठीत होता म्हणजे कोणासाठी आहे ते उघडच होतं. "पुण्याची गाडी हद्द ओलांडल्यावर अडवली. ई-वे बिलात गाडी नंबर चुकीचा. हे तिसऱ्यांदा. तुम्ही लोक डोळे मिटून काम करता का?"

माझे कान गरम झाले आणि अंगठे आपोआप चालायला लागले. काय लिहिलं होतं ते आठवतंय, "मॅडम नंबर ट्रान्सपोर्टवाल्याने रात्री साडेआठला दिला, मी एकटी किती बघणार, आणि आधीच्या दोन्ही वेळी माझी चूक नव्हती." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण तिकडे हायवेवर उभ्या गाडीला यातल्या एकाही वाक्याचा उपयोग नव्हता. मी ते पुसलं, आणि चॅट बंद करून फोनमधल्या नोट्समध्ये गेले. चॅटमध्येच लिहीत-पुसत बसलं की समोर "टायपिंग" दिसतं, मग जातं, परत दिसतं, आणि वाट बघणारं माणूस आणखी तापतं. शिवाय चुकून अर्धा मेसेज गेला आणि डिलीट केला तरी "हा मेसेज डिलीट केला" अशी खूण राहतेच, ती वाईट.

गप्प बसायचा मोह पण होता, खोटं कशाला बोलू. मागच्या वर्षी मी तसंच केलं होतं, दोन तास उत्तर नाही, निळ्या टिका दिसतायत आणि मी कामात आहे असं दाखवतेय. नंतर मॅडम म्हणाल्या होत्या, "तुला वाईट वाटलं म्हणून गप्प होतीस ते मला संध्याकाळी कळलं गं, तेव्हा वाटलं हिला काही फरकच पडत नाही." ते माझ्या डोक्यात बसलंय.

म्हणून आधी ई-वे बिलाची प्रिंट उघडली. पार्ट बी मध्ये गाडी नंबर बघितला आणि ट्रान्सपोर्टवाल्या भाईंचा रात्रीचा मेसेज बघितला. त्यांनी शेवटचे चार आकडे ४८१७ दिलेले, मी ४८७१ टाकलेले. म्हणजे चूक माझीच, त्यांची नाही. आणि मी मघाशी त्यांच्यावरच ढकलणार होते! न बघता तो पहिला मेसेज पाठवला असता तर दुपारपर्यंत तोंडावर पडले असते. यात चार मिनिटं गेली, आणि मग हे पाठवलं:

"मॅडम, बघितलं. पार्ट बी मध्ये नंबर मी टाकला, शेवटचे दोन आकडे मी उलटे टाकलेत. इनव्हॉइस आणि एलआर बरोबर आहेत. आता ड्रायव्हरशी बोलते आणि ११.१५ ला इथेच कळवते. पुण्याच्या पार्टीला माल कधी पोचेल म्हणून सांगितलंय?"

यात "चूक झाली" नाहीये, ते मी मुद्दाम टाळलं. आपल्या मराठीत "चूक झाली" म्हटलं की ती जणू पावसासारखी आपोआप पडली, कोणी केलीच नाही. "मी टाकला" म्हटलं की समोरच्याला परत विचारावं लागत नाही की कोणी केलं. आणि "पण" हा शब्द कुठेच नाही, कारण "चूक माझी, पण" मधलं चूक माझी कोणी वाचत नाही. हात जोडलेले इमोजी नाहीत, चार वेळा सॉरी नाही. शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरंच हवं होतं.

मॅडमचं उत्तर आलं, "उत्तरं छान देता येतात. उद्या सकाळी सांगितलंय." पहिलं वाक्य लागलं, खूप लागलं. पण त्यात प्रश्न नव्हता, माहिती दुसऱ्या वाक्यात होती, म्हणून मी दुसऱ्याच वाक्याला उत्तर दिलं, "ठीक, उद्या सकाळ धरून चालते."

ड्रायव्हर बिचारा घाबरलेला. माल पावणेतीन लाखांचा. मी सीएंना फोन लावला तर त्यांनी जीएसटीचं १४ सप्टेंबर २०१८ चं सर्क्युलर पाठवलं. त्यात गाडी नंबरच्या एक-दोन आकड्यांची चूक किरकोळ धरलीय, बाकी कागद बरोबर असतील तर मोठ्या दंडाची कारवाई न करता दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाला १००० रुपये दंड. दोनपेक्षा जास्त आकडे चुकले असते तर ही सवलत नाही. ते ड्रायव्हरला पाठवलं, सोबत एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती.

११.१५ ला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तरी लिहिलं, "अजून सुटली नाही. कागद ऑफिसरना दाखवतायत. पुढचं १२.३० ला." मला वाटतं त्या दिवशी खरं काम या मेसेजने केलं, कारण मॅडमनी त्यानंतर ग्रुपवर एकदाही "काय झालं?" विचारलं नाही. गाडी ३.४० ला सुटली, हजार रुपये भरून.

राहिलं ते "तिसऱ्यांदा". ते चुकीचं होतं आणि सोडून द्यायचं नव्हतं, नाहीतर अप्रेझलला तेच वाक्य परत आलं असतं. पण गाडी उभी असताना, दहा जणांसमोर ते काढणं म्हणजे भांडण. संध्याकाळी सहाला मॅडमना पर्सनलवर लिहिलं:

"मॅडम, सकाळी तिसऱ्यांदा म्हणालात म्हणून मागच्या दोन्ही केस काढून बघितल्या. दोन्ही वेळा गाडी वाटेत बदलली आणि ट्रान्सपोर्टने पार्ट बी बदललं नाही, त्यांचे मेसेज सोबत जोडतेय. आजची माझी आहे. कारणं दोन आहेत त्यामुळे उपायही दोन लागतील. गाडी बदलली की ट्रान्सपोर्टने नंबर प्लेटचा फोटो पाठवायचा, आणि माझ्याकडे नंबर दुसऱ्या माणसाने वाचून बघायचा. चालेल का? आणि एक विनंती, चूक ग्रुपवर जरूर सांगा, डोळे मिटून वगैरे मला फोनवर सांगितलंत तर बरं."

पाठवताना हात थरथरत होते. वीस मिनिटं काही नाही. मग आलं, "स्क्रीनशॉट बघितले. फोटोचं उद्यापासून सुरू कर." विनंतीवर एक अक्षर नाही, आणि ग्रुपवर ते "तिसऱ्यांदा" त्यांनी कधी मागे घेतलं नाही. मलाही त्या रात्री नीट जेवण गेलं नाही, आईने दोनदा विचारलं.

आता डिस्पॅचचे काका प्लेटच्या फोटोवरून एकेक आकडा मोठ्याने वाचतात आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून बघते. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवलं, "बेटा, सहा आणि नऊ बघ जरा." बरोबर होतं त्यांचं. मी ते ग्रुपवर टाकलं, पाठवायच्या आधीच पकडलं म्हणून. मॅडमनी लिहिलं, "छान गं."