रविवारच्या लग्नाची मेंदी गुरुवारी का काढावी

मेंदीच्या ऑर्डरी घेताना मी आधी डिझाइन विचारत नाही, मुहूर्त विचारते. समजा, मे महिन्यात नांदेडला रविवारी दुपारचं लग्न आहे. बहुतेक घरांत मेंदी शनिवारी रात्री ठरवलेली असते आणि मग फोटोत नवरीचे हात नारिंगी येतात. त्यात कोनाचा दोष नसतो, वेळच कमी पडलेला असतो.

मेंदीच्या पानातला रंग म्हणजे लॉसोन. लेप ओला असेपर्यंत तो कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात उतरतो आणि तिथल्या केराटिनला धरतो. लेप काढला की दिसतो तो झेंडूसारखा नारिंगी. पुढे हवेतल्या ऑक्सिजनने तो गडद होत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी विटकरी, त्याच्या पुढच्या दिवशी काथ्यासारखा तपकिरी. लेप काढल्यापासून ४८ ते ७२ तासांत रंग सगळ्यात गडद असतो. म्हणून रविवारसाठी गुरुवारी संध्याकाळी काढायची आणि शुक्रवारी सकाळी खरवडायची. मुहूर्ताला दोन दिवस होऊन गेलेले असतात.

भिजवताना १०० ग्रॅम बारीक चाळलेल्या पावडरीला साधारण २५० मिली लिंबाचा रस लागतो. तो एकदम ओतू नका. आधी घट्ट कालवा, मग सैल करा. ३० ग्रॅम साखर आणि २५ ते ३० मिली निलगिरीचं तेल घालायचं. बाजारात याच नावाने सुगंधी तेलंही मिळतात. त्यांचा उपयोग नाही, शुद्ध तेलच हवं. आंबटपणामुळे पानातला रंग सुटतो, तेलामुळे तो गडद चढतो, साखरेमुळे लेप ओला राहून हाताला चिकटतो. थंडीत रात्रभर झाकून ठेवावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र चार-पाच तास पुरतात. लेपाचा वरचा भाग तपकिरी आणि आतला हिरवा दिसला की तयार. तळहातावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसा, ठळक नारिंगी डाग राहायला हवा. डाग फिकट पिवळा असेल तर अजून थांबा; तासाभराने पुन्हा बघूनही तसाच असेल तर पावडर जुनी आहे. तयार कोन उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवले तर रंग मरतो, लगेच फ्रीझरमध्ये टाका.

हातावर आल्यावर उन्हाळ्याची दुसरी अडचण सुरू होते. कूलरच्या वाऱ्यासमोर नवरी बसली की अर्ध्या तासात लेप कडक होऊन तडकतो, आणि सुकलेला लेप रंग सोडत नाही. म्हणून वरचा भाग सुकू लागला की कापसाने लिंबू-साखरेचं पाणी टिपायचं. टिपायचं म्हणजे टिपायचं, ओथंबवलं तर रेघा पसरतात. मग कागदी चिकटपट्टी गुंडाळून रात्रभर, निदान सहा-आठ तास ठेवा. सकाळी पाणी न लावता बोथट चमच्याने खरवडा आणि पुढचे २४ तास पाणी टाळा. मेंदीच्या आधी हाताला तेल किंवा क्रीम नको, रंग आत जात नाही. वॅक्सिंगही आदल्या दिवशी उरका.

तळहात गडद आणि मनगटाच्या वरचा भाग फिकट, ही तक्रार नेहमीची. तळहात-तळपायाची कातडी जाड, तिथे रंगाला जागा जास्त. दंडाकडे तो तेवढा चढणारच नाही. नवऱ्याच्या प्रेमाचा हिशोब निदान दंडावरून तरी करू नका. हात गार असतील तरी रंग कमी येतो. तव्यावर लवंग टाकून धूर घेतात, त्यात मला तरी काम उबेचं वाटतं. चुना चोळल्याने रंग झटकन काळपट दिसतो, पण कातडी भाजते. मी चोळू देत नाही.

शनिवारच्या हळदीत खरी नासाडी होते. उटण्यासारखी हळद घासली की रंग धरलेला वरचा थरच निघून जातो. आधी मेंदीवर खोबरेल तेल लावा, बायकांना सांगून ठेवा की हातावर हळद नुसती टेकवायची, आणि साबण मनगटाच्या वरच.

अर्ध्या तासात काळाभोर रंग देणारा कोन आणला तर तो परत करा. नुसती मेंदी असा रंग देत नाही. त्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं आणि त्याने फोड येतात.

पाहुण्यांमुळे शनिवारची रात्रच मिळत असेल तर ताजा कोन घ्या, लेप सकाळपर्यंत ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून टाका: मांडवात रंग नारिंगी दिसेल, गडद होईल तो मंगळवारच्या सत्यनारायणाला.