डबीत जपून ठेवलेला राखाडी तुकडा

गड्डा यात्रा भरली होती, तेव्हाची गोष्ट. माझी पाळी नऊ दिवस लांबली होती. दहाव्या दिवशी आली ती पोटात कळा घेऊनच. गाठी मला एरवीही पडतात, पण या लिंबाएवढ्या होत्या. दुपारी बाथरूममध्ये काहीतरी निराळंच पडलं. रक्ताची गाठ काळपट लाल असते, दाबली की फुटते. हे राखाडी, बोटाच्या पेराएवढं होतं आणि पाण्याखाली धरलं तरी विरघळेना.

सासूबाई म्हणाल्या, "थंडीनं पाळी अडकली होती, आता मोकळी झालीस. टाकून दे ते." मला टाकवेना. स्वच्छ डबीत घातलं आणि यांच्याबरोबर सात रस्त्याकडच्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

लघवीच्या चाचणीत दुसरी रेघ आली, फिकट. म्हणजे दिवस गेले होते, आणि मला वाटलं, गेलं ते याच तुकड्यातून. मॅडम म्हणाल्या, "असं लगेच धरू नका. गर्भ नळीत असला तरी पिशवीचं अस्तर सुटून असंच पडतं. कधी कधी तर दिवस गेलेले नसतानाही पाळीत अस्तर एकसंध पडतं. नुसतं बघून सांगता येत नाही." हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली. रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर वाढणारं संप्रेरक, ४१२ आलं. एवढ्या कमी आकड्याला पिशवीतला गर्भही बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे सगळं पडून गेलंय की नळीत काही आहे, हे त्या दिवशी कळणारच नव्हतं. ४८ तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं.

ते दोन दिवस मी घड्याळाकडे बघत काढले. मॅडमनी बजावलं होतं: सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, भोवळ आली, एकाच बाजूला जोराचं दुखलं किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली, तर मध्यरात्रीही थेट हॉस्पिटल गाठायचं. खांद्याचं ऐकून मी चमकले. नळी फुटून पोटात रक्त साचलं की ते दुखणं खांद्यात जाणवतं, असं त्यांनी समजावलं.

तिसऱ्या दिवशी आकडा ११८ वर उतरला. तरी मॅडम निर्धास्त नव्हत्या, कारण नळीतल्या गर्भातही आकडा कधी कधी उतरतो. निकाल लागला तो डबीतल्या तुकड्यावर. तो फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवला होता. काही दिवसांनी रिपोर्ट आला: कोरिऑनिक व्हिलाय दिसले. गर्भ ज्या बारीक मुळांनी धरून असतो, ती ही. म्हणजे गर्भ पिशवीतच होता आणि तोच पडला होता.

रिपोर्ट हातात घेऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ती पाळी नव्हती." त्यांनी मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडलो. बीटा पाचाच्या खाली येईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यायला मग त्याच माझ्याबरोबर यायच्या.