पान ७४ वरचे दहा टक्के

"पुस्तक पटलं नाही तर जर्नलमध्ये ते लिहायचं कसं? गोड लिहिलं तर आपल्यालाच खोटं वाटतं, खरं लिहिलं तर लेखकाशी वैर येतं."

तुम्ही विचारलंत म्हणून एका परीक्षणाची हकिकत सांगते. मी भूजलाच्या कामातली. आमच्या क्षेत्राच्या त्रैमासिकासाठी अधूनमधून पुस्तकांची परीक्षणं लिहिते. हे पुस्तक मराठवाड्यातल्या पाच गावांच्या पाणलोट विकासावरचं होतं. पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखक भला माणूस आहे आणि झालं ते आमच्या दोघांत मिटलं आहे.

पहिला मसुदा मी रागात लिहिला होता. संपादकबाईंनी तो परत पाठवला. समासात पेन्सिलीने दोनच शेरे होते. सारांशाच्या शेजारी लिहिलं होतं, "हे कोण बोलतंय?" आणि "आकडेवारी फसवी आहे" या माझ्या वाक्याखाली रेघ मारून, "कोणती? कशी?"

पहिल्या शेऱ्याचा अर्थ लागायला मला दोन दिवस गेले. सारांशात मी लिहिलं होतं, "बंधाऱ्यांमुळे म्हणे विहिरींची पातळी दोन मीटरने वाढली." त्या 'म्हणे'ने सगळा घोटाळा केला होता. सारांश लेखकाचा असतो, आणि मी त्यात नाक मुरडून बसले होते. मग सगळी क्रियापदं तपासली. 'लेखक दावा करतात' म्हटलं की वाचक लगेच भुवई उंचावतो. 'लेखक दाखवून देतात' म्हटलं की मीच त्यावर शिक्का मारते. 'नोंदवतात', 'मांडतात', 'त्यांच्या मते' ही साधी क्रियापदं सारांशाला पुरतात. उलट्या बाजूची चूकही मी केली होती. एका परिच्छेदात 'लेखकांच्या मते' गाळून नुसतं "गावातल्या बोअर बंद झाल्या" असं लिहिलं होतं. वाचकाला वाटणार, ही माझी माहिती. मी त्या गावात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

आता मी सारांश वेगळ्या कागदावर लिहिते आणि तो लेखकाच्या हातात पडला आहे असं समजून वाचते. "हो, मी हेच म्हणालो" असं त्याला म्हणता आलं पाहिजे. त्यात प्रमाणही आलं. या पुस्तकाच्या आठ प्रकरणांपैकी तीन प्रकरणं गावकऱ्यांनी आपसांत केलेल्या पाणीवाटपाच्या करारांवर होती. उसाला पाणी नाही, नवी बोअर घ्यायची नाही, उन्हाळी पीक कुणी घ्यायचं हे ग्रामसभेत ठरवायचं. ते कसं ठरलं, कोण रुसलं, कुणी मोडलं, सगळं होतं. पहिल्या मसुद्यात मी या तीन प्रकरणांना एक ओळ दिली होती, कारण माझा राग सहाव्या प्रकरणावर होता. शब्दमर्यादा ९०० शब्दांची. त्यातले साधारण ४०० सारांशाला गेले, आणि त्यातले निम्मे या करारांना. (मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून सारांश म्हणून खपवणारेही असतात. संपादकाच्या ते लगेच लक्षात येतं, कारण मलपृष्ठ त्यांनीही वाचलेलं असतं.)

आता सहावं प्रकरण. तिथे लेखकाने पाच गावांतल्या ४० विहिरींची पाणीपातळी दिली होती, मे २०१६ ची आणि मे २०१७ ची. सरासरी वाढ दोन मीटर. पाच गावांचं क्षेत्र २,००० हेक्टर. त्यावरून पान ७४ वर हिशोब होता की भूजलसाठ्यात ४० लाख घनमीटरची भर पडली, म्हणजे ४०० कोटी लिटर. आणि ही भर बंधारे आणि समतल चरांची.

वाचता वाचताच मला दोन ठिकाणी खटकलं. पण खटकणं हे कारण नव्हे. ते कागदावर उतरवावं लागतं.

मे २०१६ म्हणजे कोणता उन्हाळा? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तोच. २०१५ चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला होता, आणि २०१६ चा चांगला झाला. त्यामुळे मे २०१७ मध्ये पातळी वर दिसणारच, बंधारा बांधलेला असो वा नसो. यातलं बंधाऱ्याचं श्रेय किती आणि पावसाचं किती, हे वेगळं काढायचं तर शेजारची, काम न झालेली गावं बाजूला ठेवून बघावी लागतात. पुस्तकात तशी एकही विहीर नव्हती. त्याच तालुक्यातल्या सरकारी निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्यांची एक ओळ शेजारी ठेवली असती तरी चाललं असतं.

दुसरं खटकलं ते ४० लाख. विहिरीत दोन मीटर पाणी चढलं म्हणजे जमिनीखाली दोन मीटर जाडीचा पाण्याचा थर साठला असं होत नाही. खडकात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी तेवढ्यातच मावतं. त्यातलं जेवढं पाणी निथळून विहिरीत येऊ शकतं, त्या प्रमाणाला आम्ही विशिष्ट उत्पन्न म्हणतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते साधारण १ ते ३ टक्के धरतात. लेखकाचा हिशोब उलटा सोडवला. २,००० हेक्टर म्हणजे दोन कोटी चौरस मीटर, त्याला दोन मीटरने गुणलं की चार कोटी घनमीटर खडक. त्यातून ४० लाख घनमीटर पाणी म्हणजे सरळ १० टक्के. हा आकडा नदीकाठच्या गाळमातीला शोभतो, पाषाणाला नाही. २ टक्के धरले तर ८ लाख येतात, पाचपटीचा फरक.

एवढा हिशोब न करताही शंका यायला जागा होती. ४० लाख घनमीटर त्या क्षेत्रावर पसरले तर २०० मिलिमीटरचा थर होतो. बेसाल्टमध्ये पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं असं आम्ही धरून चालतो. सातआठशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, रब्बीचा उपसा होऊन, मे महिन्यात २०० मिलिमीटर जास्तीचं शिल्लक राहणार कुठून?

"आकडेवारी फसवी आहे" हे वाक्य मी काढलं. फसवी म्हणताना मी लेखकाच्या हेतूवर बोलत होते, आणि हेतू मला माहीत नव्हता. त्या जागी छापून आलं ते असं:

"पान ७४ वरील भूजलसाठ्याचा अंदाज विशिष्ट उत्पन्न १० टक्के धरून काढलेला दिसतो. बेसाल्टसाठी प्रचलित मूल्य १ ते ३ टक्के आहे. २ टक्के धरल्यास वाढ ४० ऐवजी ८ लाख घनमीटर येते. शिवाय तुलना दुष्काळी वर्षानंतरच्या मे महिन्याची चांगल्या पावसानंतरच्या मे महिन्याशी आहे आणि काम न झालेल्या गावांच्या नोंदी दिलेल्या नाहीत. त्यामुळे पातळीतील वाढ बंधाऱ्यांमुळे झाली, हा निष्कर्ष दिलेल्या पुराव्यावर टिकत नाही."

यात एकही कडू शब्द नाही, तरी पहिल्या मसुद्यापेक्षा हे जास्त लागतं. 'टिकत नाही'च्या आधीचे 'दिलेल्या पुराव्यावर' हे शब्दही मुद्दाम आहेत. बंधाऱ्यांनी पाणी वाढलं नाही, असं मी म्हणत नव्हते. तेवढं म्हणायला पुरावा माझ्याकडेही नव्हता.

मग एक मोह आवरावा लागला. मला वाटत होतं, लेखकाने खोल बोअरच्या पाण्यावर लिहायला हवं होतं. पण प्रस्तावनेत त्याने सरळ सांगितलं होतं की पुस्तक उघड्या विहिरींपुरतं आहे. मला हवं होतं ते पुस्तक त्याने लिहिलं नाही, हा त्याचा दोष नव्हे. तो परिच्छेद खोडला. शेवटचं मत असं दिलं की पाणीवाटपाच्या प्रकरणांसाठी हे पुस्तक ग्रामपंचायतींबरोबर काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावं, सहाव्या प्रकरणातले आकडे मात्र अहवालात उचलू नयेत. परीक्षण वाचणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, घ्यायचं का, आणि कशासाठी. आणखी एक ओळ तळाशी टाकली: लेखक आणि मी पूर्वी एका समितीत एकत्र होतो. संपादकबाईंना ती आधीच सांगितली होती, तरी वाचकालाही कळलेली बरी.

आता वैराचं. अंक निघाल्यावर महिन्याभराने लेखकाचं पत्र आलं. मी घाबरतच उघडलं. तीन पानं, आणि सगळी पान ७४ वर. पावसाचा मुद्दा त्याने मान्य केला होता, जरा कुरकुरत. पण १० टक्क्यांबद्दल लिहिलं होतं, "मॅडम, परिशिष्ट २ मधली तळटीप बघा." बघितली. ४० पैकी ६ विहिरी नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात होत्या. १० टक्के तिथले होते, ते त्याने सगळीकडे लावले होते. ही तळटीप माझ्या नजरेतून सुटली होती आणि मी ४० च्या ४० विहिरी पाषाणात ढकलल्या होत्या.

पुन्हा कागद घेतला. प्रत्येक विहिरीमागे सारखंच क्षेत्र धरलं, तर ३४ विहिरींना २ टक्के आणि ६ विहिरींना १० टक्के, सरासरी ३.२ टक्के. वाढ जवळपास १३ लाख घनमीटर. त्याचा आकडा तिप्पट फुगलेला राहिलाच, पण मी लिहिल्याप्रमाणे पाचपट नाही. पुढच्या अंकात माझ्या नावाने दोन ओळींची दुरुस्ती छापली आणि तिच्याखाली त्याचं पत्र, थोडं आखडतं करून.

त्यानंतर त्याचा फोन आला. दुसऱ्या आवृत्तीचं काम काढलंय, शेजारच्या तीन गावांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मिळाल्यात, पण त्यात २०१४ चं वर्षच गायब आहे, काय करू? म्हटलं, गायब आहे असं तक्त्याखाली लिहा, आणि तळटीप परिशिष्टात लपवू नका, त्याच पानावर द्या.