रेझ्युमेतली तिप्पट रीच कुठून आली होती?

‘सहा महिन्यांत इन्स्टाग्राम रीच तिप्पट, 9 लाखांचं पेड बजेट हाताळलं.’ या एका ओळीवर मी दोन रात्री घालवल्या होत्या आणि नेमकी तीच ओळ माझ्या अंगाशी आली.

एका ब्रँडच्या सोशल मीडिया सांभाळायच्या नोकरीच्या जाहिरातीत तीन मागण्या होत्या: प्लॅटफॉर्मवर दाखवलेले निकाल, कंटेंट कॅलेंडरची पूर्ण जबाबदारी आणि दरमहा 5 लाखांपर्यंतचं पेड बजेट स्वतंत्रपणे चालवल्याचा अनुभव. अर्ज भरला आणि तीन आठवडे काहीच आलं नाही. मग फोन आला. मार्केटिंग हेडबाई बोलायला छान होत्या, पण तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी विचारलं, “रीच वाढली त्याच सहा महिन्यांत हे 9 लाख खर्च झाले ना? मग वाढ तुमची किती आणि पैशाची किती?”

मी गप्प. खरं सांगायचं तर मी तो हिशोब कधी केलाच नव्हता. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये दिसणाऱ्या एकूण रीचमध्ये जाहिरातींमधून आलेली माणसंही धरलेली असतात, आणि मी तो वरचा मोठा आकडा उचलून रेझ्युमेवर ठेवला होता. त्यांनी पुढे विचारलं, “9 लाख महिन्याचे की एकूण? अ‍ॅड अकाउंटमध्ये कॅम्पेन कोण लावत होतं?” एकूण, मी म्हटलं. आणि बरंचसं एजन्सी. तिथेच फोन संपल्यासारखा होता, उरलेली दहा मिनिटं नुसता शिष्टाचार.

आठवडाभर मी चिडलेली होते. एवढ्या फुटकळ फरकावरून माणसाला नाकारतात का? मग जुना मासिक रिपोर्ट उघडला आणि राग हळूहळू आपल्याच दिशेनं वळला.

महिन्याची रीच 60 हजारांवरून 1 लाख 80 हजारांवर गेली होती हे खरं. पण रिपोर्टच्या चौथ्या पानावर ऑर्गॅनिक, म्हणजे जाहिरातींशिवाय मिळालेली रीच वेगळी दिली होती: 78 हजार. सुरुवातीचे 60 हजार जाहिरातींशिवायचेच, म्हणजे तिप्पट नाही, 30 टक्के वाढ. (उरलेले 1 लाख 2 हजार सगळे पेडचे, असंही म्हणता येत नाही. एकाच माणसाला साधी पोस्टही दिसते आणि जाहिरातही, त्यामुळे या दोन रीचची सरळ बेरीज-वजाबाकी होत नाही. मी सुरुवातीला तीच चूक केली.)

बजेटचंही तसंच. 9 लाख भागिले सहा, म्हणजे महिन्याला दीड लाख. त्यातले 1 लाख 10 हजार एजन्सी चालवायची, मी फक्त मंजुरीच्या मेलवर असायचे. माझ्या हातात महिन्याला 40 हजार. त्यातलेही पहिले चार महिने मी चांगल्या चाललेल्या पोस्ट बूस्ट करण्यात घालवले. बूस्टचं बटण दाबणं म्हणजे कॅम्पेन चालवणं नव्हे, हे मान्य करायला जड गेलं. शेवटचे दोन महिने मात्र मी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये स्वतः लीड फॉर्मची, म्हणजे इच्छुकांचे फोन नंबर मिळवायची कॅम्पेन लावली होती. पहिल्या महिन्यात 40 हजारांत 200 लीड, म्हणजे एका लीडला 200. दुसऱ्या महिन्यात एक महागडा ऑडियन्स बंद केला, त्याचे पैसे दुसऱ्याकडे वळवले आणि तेवढ्यातच 250 लीड आले, म्हणजे 160. सेल्सवाले म्हणाले होते की त्यातले बरेच जण फोनच उचलत नाहीत, म्हणून मी फॉर्ममध्ये एक जादा प्रश्न घातला. हे सगळं रेझ्युमेवर कुठेही नव्हतं!

कॅलेंडरबद्दल थोडक्यात. ‘कॅलेंडर सांभाळलं’ म्हणजे शीटमध्ये तारखा भरल्या असाच अर्थ लागतो. मी लिहिलं, ‘आठवड्याला 5 पोस्टचं कॅलेंडर, विषय ठरवणं, पोस्ट मागे घेणं किंवा पुढे ढकलणं हा निर्णय माझा, कायदेशीर मजकुराची मंजुरी वेगळ्या टीमची.’

आधीच सांगायला हवं होतं: नोकरी सोडायच्या आधी आकडे टिपून ठेवा, स्क्रीनशॉट नव्हे. माझा अ‍ॅड अकाउंटचा अ‍ॅक्सेस शेवटच्या दिवशी दुपारीच काढला गेला. तो मासिक रिपोर्ट मेलवर पडून होता म्हणून वाचले. आणि जुन्या मालकाची खर्चाची रक्कम बाहेर सांगायची परवानगी नसेल, तर टक्के लिहा.

नवी ओळ अशी झाली: ‘ऑर्गॅनिक रीच सहा महिन्यांत 30 टक्के वाढ, महिना 40 हजारांचं बजेट स्वतः चालवून प्रति लीड खर्च 20 टक्क्यांनी कमी.’ दिसायला किरकोळ. पाठवताना लाजच वाटत होती.

दुसऱ्या एका ब्रँडनं त्यावरच बोलावलं. त्यांचं महिन्याचं बजेट 60 हजार होतं. पहिलाच प्रश्न आला, तो ऑडियन्स बंद करायचा हे कशावरून ठरवलं? या वेळी मी वीस मिनिटं थांबलेच नाही.

ती 5 लाखांच्या बजेटवाली नोकरीची जाहिरात अजून तशीच झळकते आहे, परवा पाहिली.