गोळीचे सत्तावीस रुपये, गाडीचे साडेचार हजार

आरोग्य शिबिराच्या खर्चाचा अंदाज मंजूर करून घ्यायला मी बाणेरला, शिबिराला पैसे देणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात बसलो होतो. गाव भोर तालुक्यातलं, भाटघर धरणाच्या पाण्याच्या पलीकडचं. भातकापणी उरकल्यावरचा रविवार ठरलेला, माणसं दोनशेच्या आसपास धरलेली. आमची संस्था छोटी असल्यामुळे गाडी ठरवण्यापासून हिशेबापर्यंत सगळं माझ्याकडेच असतं.

अंदाज 1,10,000 रुपयांचा होता. औषधं 26,000, तपासणीचं साहित्य 14,000, स्वयंसेवकांचा प्रवास, जेवण आणि मानधन 27,000, जागा-मांडव-खुर्च्या 11,000, किरकोळ 5,000. राहिलेले 27,000 शिबिरानंतरच्या तीन फेरभेटींचे. कंपनीच्या मॅडमनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन बरोबर त्या शेवटच्या ओळीवर टेकवलं.

"शिबिर एका दिवसाचं आहे ना? मग ह्या भेटी कशाला? ह्या काढल्या की दरडोई खर्च साडेपाचशेवरून चारशे पंधरावर येतो. आमची कमिटी चारशेच्या आसपास पास करते."

त्यांचं गणित चोख होतं, म्हणूनच उत्तर द्यायला जड गेलं. दरडोई म्हणजे शिबिराला आलेल्या डोक्यांनी भागायचं. पुढे कोणाचं काय झालं, हे त्या भागाकारात येतच नाही.

मी त्यांना एकाच माणसाचा हिशेब मांडून दाखवला. समजा, साठीच्या एखाद्या आजींचं बीपी शिबिरात 156/96 भरलं. तेवढ्यावर डॉक्टर त्यांना रोजची गोळी लावत नाहीत, लावूही नये. त्या चढ चढून आलेल्या असतात, रांगेत उभ्या राहिलेल्या असतात, पांढरा कोट बघून बावरलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी, निवांत बसवून पुन्हा मोजल्याशिवाय ते दुखणं खरं धरता येत नाही. आकडा 180 च्या वर गेला किंवा छातीत दुखत असलं तर गोष्ट वेगळी, त्यांना त्याच दिवशी गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं. बाकीच्यांसाठी शिबिर म्हणजे फक्त पहिलं माप.

आता पुढचा खर्च बघा. बीपीची साधी जेनेरिक गोळी, दहाची पट्टी घाऊक दरात आम्हाला नऊ रुपयांना पडते. महिन्याचे सत्तावीस रुपये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत नाव लागलं की तेही लागत नाहीत. पण दुसरं माप घ्यायला एक फेरी करायची तर गाडी साडेचार हजार, डॉक्टर अडीच हजार, नर्स एक हजार, तपासणीच्या पट्ट्या आणि खाणंपिणं एक हजार, असे नऊ हजार. खर्च गोळीचा नाही, माणसापर्यंत पुन्हा पोहोचण्याचा आहे. आणि नेमकी तीच ओळ दर वेळी कापली जाते.

मॅडम म्हणाल्या, "मग औषधांवर 26,000 का?"

हा प्रश्न मात्र त्यांनी लाख मोलाचा विचारला. खोकल्याची सिरप, कॅल्शियम, शक्तीची टॉनिकं यांनीच ती रक्कम फुगली होती. ती ठेवायची रीतच पडली आहे, कारण गावात शिबिराची किंमत पिशवीच्या वजनावर ठरते. मागच्या शिबिरातून हातात फक्त चिठ्ठी घेऊन निघालेल्या एका काकांनी आम्हाला ऐकवलंच होतं, "एवढं रक्त काढलंत, अन् दिलंत काय?" देणगीदारांनाही टेबलावर रचलेल्या बाटल्या फोटोत छान दिसतात.

तिथेच बसून आम्ही बाटल्यांवर काट मारली, औषधं 15,000 वर आली. स्वयंसेवकांची दुसरी गाडी रद्द केली. हौसेने येणारी पंधरा पोरं गर्दीच करतात, त्यापेक्षा नर्सिंगच्या सहा मुली पुरतात. तिथे पाच हजार वाचले.

मग जागेची पाळी. शाळा फुकट मिळत असताना 11,000 कशाला, असं बरोबरच्या एका साहेबांनी विचारलं. गावातल्या एका पुढाऱ्यांनी हॉलही फुकट देऊ केला होता, तो का नाकारला? नाकारला, कारण फुकट हॉलसोबत सत्कार येतो. एकदा असाच हॉल घेतला होता. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून लोकांना काही न खाता बोलावलं होतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं यात साडेदहा वाजले. मधल्या वेळात यजमानांनी मोठ्या मनाने सगळ्यांना गोड चहा पाजला. उपाशीपोटीच्या तपासण्या तिथेच बाद झाल्या.

शाळेलाही खर्च आहेच. साफसफाई, पाण्याची टाकी, बायकांच्या तपासणीसाठी दाराला कडी असलेली खोली, आणि मांडवाखाली पाठ टेकता येईल अशा खुर्च्या. साहेबांना त्या खुर्च्या चैनीच्या वाटल्या. पण बीपी मोजायच्या आधी माणूस पाच मिनिटं शांत बसायला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, तोंड बंद. बाकावर अवघडून बसलेल्या, शेजारणीशी बोलणाऱ्या बाईचा आकडा उगाच चढतो. तो चढला की ती विनाकारण फेरभेटीच्या यादीत जाते आणि आमचा खर्च वाढतो. तरीही खुर्च्या मंडपवाल्याच्या बिलात आल्या म्हणून त्यांना कोणी उपकरण म्हणत नाही.

शेवटी तीनऐवजी दोन फेऱ्यांवर तडजोड झाली. एकूण 85,000, दरडोई 425. कागद मिटता मिटता मॅडम म्हणाल्या, "फेरभेट हा शब्द कमिटीला रुचत नाही. 'औषध वितरण, टप्पा दोन व तीन' असं लिहा, मी पास करून घेते."

मी लिहिलं. पैसे मिळाले आणि खोटंही काही नव्हतं, त्या फेऱ्यांत औषधं द्यायचीच होती. तरी ते मला अजून खुपतं. आज त्या नावाखाली पैसे निघाले, पण फेरभेट लागते हे कमिटीला कळलंच नाही. पुढच्या वर्षी कोणी म्हणालं, औषधं एकदमच देऊन टाका, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

शिबिरात 187 माणसं आली, 43 जणांचं बीपी वाढलेलं निघालं. त्यातल्या दोघांना त्याच दुपारी भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा बाकीच्या 41 पैकी 35 जण भेटले. आशाताई आदल्या संध्याकाळी घरोघर फिरल्या नसत्या तर निम्मेही आले नसते. त्यांचं मानधन मी 'किरकोळ'मधून दिलं, कारण त्यांच्यासाठी वेगळी ओळ कोणीच ठेवत नाही. त्या 35 मधल्या 13 जणांचं बीपी दुसऱ्या मापात नीट भरलं. उरलेल्या 22 जणांना डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, महिन्याने दुसऱ्या फेरीत मात्रा तपासली आणि त्यांची नावं आरोग्य केंद्राच्या यादीत घातली. तिसरी फेरी कापलेली, त्यामुळे पुढे कोण गोळ्या घेतंय आणि कोणी सोडल्या, हे आता आशाताईंच्या फोनवरूनच कळतं.

अहवालाच्या नमुन्यात 'लाभार्थी संख्या' असा एकच रकाना होता. तिथे 187 भरले. ज्या तेरा जणांच्या मागे जन्माची गोळी लागता लागता राहिली, त्यांच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून शेऱ्याच्या जागेत दोन ओळी खरडल्या. मॅडमचा फोन आला तो फोटो कमी आहेत म्हणून. जाता जाता त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी एवढ्याच पैशात तीनशे माणसं बसतील का? मी खुर्च्यांचा भाव काढून कळवतो म्हणालो.